चेहरा दाखवला म्हणजे संमती दिली का?

मागच्या वेळी आपण ‘ओळख’ या शब्दाबद्दल बोललो. आज तोच शब्द विमानतळाच्या दारात नेऊन बघू. डिजियात्रा ही सोय डिसेंबर 2022 मध्ये दिल्ली, बंगळूर आणि वाराणसी इथे सुरू झाली. पुढच्या वर्षी ती पुण्यालाही आली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती वापरली असेल, त्यामुळे तिची स्तुती करायला मी उभा नाही, आणि नुसती टीकाही करणार नाही.

आधी नोंदणी कशी होते ते पाहू. फोनमध्ये अॅप घ्यायचं, मोबाइल क्रमांकावर आलेला ओटीपी घालायचा, आधारची माहिती जोडायची आणि स्वतःचा सेल्फी काढायचा. तो सेल्फी आधारवरच्या फोटोशी जुळवून पाहिला जातो. जुळला की ओळखपत्र तुमच्या फोनमध्येच राहतं. मग प्रत्येक प्रवासापूर्वी बोर्डिंग पास अॅपमध्ये टाकायचा आणि ती माहिती निघण्याच्या विमानतळाला पाठवायची. विमान सुटल्यावर 24 तासांत विमानतळाने ती पुसून टाकायची, असा नियम सांगितला जातो.

अडचणही इथेच येते. माझ्या आधारवरचा फोटो दहा-बारा वर्षांपूर्वीचा. तेव्हा केस होते हो! सेल्फी दोनदा नाकारला गेला की दोष उजेडाचा समजू नका, आधी आधारवरचा फोटो बघा. दुसरं म्हणजे नाव. आपण तिकिटावर ‘वसंत कुलकर्णी’ लिहितो, आधारवर मधे वडिलांचं नाव असतं. तिकीट काढतानाच आधारप्रमाणे नाव घाला.

दारात काय होतं? बोर्डिंग पासवरचा कोड दाखवला, कॅमेऱ्याकडे पाहिलं, फाटक उघडलं. पुढे सुरक्षा तपासणीच्या दाराशी आणि विमानात चढतानाही चेहराच चालतो. पण सामानाचा एक्स-रे आणि अंगझडती आहे तशीच. म्हणजे ‘हा कोण’ एवढंच यंत्र सांगतं. ‘याच्या पिशवीत काय’ ते सांगत नाही.

आता वाचतं किती? एक काल्पनिक हिशेब मांडू. तासाला 700 प्रवासी येतात. प्रवेशाची दोन दारं आहेत, आणि जवान कागद बघून माणशी 15 सेकंद घेतो. दोन दारांतून तासाला 480 जण आत जातात, 220 बाहेर साचतात. आता चेहरा पाहून 5 सेकंदांत दार उघडलं, तर तासाला 1440 जणांची सोय झाली. वेग तिप्पट! पण आतल्या एक्स-रेची क्षमता तासाला 600 आहे. म्हणजे आता 600 पार होतात आणि 100 आत साचतात. फायदा खरा आहे, पण तो तिप्पट नाही, एक-चतुर्थांश आहे. रांग कमी झाली, आणि उरलेली बाहेरून आत आली. आणि जिथे अडथळा मुळात एक्स-रेचाच होता, तिथे प्रवाशाला एक मिनिटही मिळत नाही. त्यामुळे किती वेळ वाचला हे विचारताना दारातला वेळ मोजू नका, टर्मिनलच्या दारापासून विमानाच्या दारापर्यंतचा मोजा.

आता माझा मुद्दा. ही सोय ऐच्छिक आहे, असं म्हणतात. एका विमानतळावर एका तरुण कर्मचाऱ्याने माझा पास हातात घेतला, “काका, इकडे बघा” म्हणाला, आणि मी बघितलं. कॅमेरा होता. मला काय चाललंय ते कळलं नंतर. मुलगा नम्र होता, मी चिडलो नाही. पण ती संमती नव्हती, ते आज्ञाधारकपण होतं.

संमती केव्हा खरी? मला कशाला होकार देतोय ते माहीत असेल, आणि नकाराची किंमत मला परवडत असेल तेव्हा. आज चेहरा न देणाऱ्यासाठी कागदांची रांग आहे. उद्या ती एकच उरली आणि लांब झाली, तर कायदा तोच राहील, पण नकार महाग होईल. तेव्हा ‘ऐच्छिक’ हा शब्द फलकावर उरेल, माणसाकडे नाही.

म्हणून माझी मागणी फार साधी आहे. कागदांची रांग जिवंत ठेवा, तिथे पुरेसे हात ठेवा, आणि कॅमेऱ्यापुढे उभं करण्याआधी तोंडाने विचारा. तुम्हीही पुढच्या वेळी कुणी “इकडे बघा” म्हटलं, तर आधी विचारा, “कशासाठी?” एवढा प्रश्न विचारायला पाच सेकंद लागतात. वाचलेल्या वेळातले ते पाच खर्चायला हरकत नाही.

प्रश्न असतील तर घेऊ.