दुकानाच्या पाटीवरचा हरवलेला कर्ता

दुकानावरची पाटी मराठीत असावी यासाठी महाराष्ट्रात कायदा आहे. २०२२च्या दुरुस्तीने तो दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही लागू झाला. सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या पालनासाठी दोन महिन्यांची मुदत दिली आणि नवी मुंबईतल्या सेक्टरा-सेक्टरांतल्या पाट्या बदलल्या. पण पाटीखालून आत गेल्यावर गल्ल्यामागे दुसरी एक सूचना चिकटवलेली असते. पैसे कधी द्यायचे, किती द्यायचे आणि कोणते परत मिळायचे नाहीत, हे ती सांगते. बाहेरच्या पाटीवर दुकानाचे नाव असते, आतल्या सूचनेवर गिऱ्हाइकाचे पैसे अवलंबून असतात. या आतल्या सूचनेच्या मराठीकडे मात्र कोणी फारसे पाहिलेले नाही.

कोपरखैरण्यातल्या पडदे शिवून देणाऱ्या एका दुकानातली अशी सूचना माझ्या हाती आली. बिलाच्या सॉफ्टवेअरबरोबर आलेला इंग्रजी मजकूर होता आणि त्याखाली कोणाकडून तरी करून घेतलेले हे मराठी :

‘मागणी निश्चितीकरिता एकूण मूल्याच्या ५० टक्के आगाऊ अधिदान अनिवार्य असून सदर रक्कम अ-परतावायोग्य राहील. उर्वरित रक्कम वितरणापूर्वी देय राहील. धनादेशाद्वारे केलेली अधिदाने वसुलीच्या अधीन राहतील. विलंबित अधिदानांवर वार्षिक १८ टक्के दराने व्याज आकारण्यात येईल. एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’

दुकानदाराला ही सूचना सोपी करून हवी होती. कारण झाले होते एका बाईंचे. त्यांनी बारा हजारांचे पडदे सांगितले, सहा हजार भरले आणि चार दिवसांनी घर बदलायचे ठरल्याने पैसे मागायला आल्या. दुकानदाराने सूचनेकडे बोट दाखवले. बाईंनी ती मोठ्याने वाचली आणि म्हणाल्या, “अहो, परतावायोग्य राहील असंच लिहिलंय की!” ‘अ’ आणि त्यापुढची आडवी रेघ डोळ्यांतून निसटली होती. मराठी वाचणाऱ्याचे लक्ष ‘योग्य’वर जाते, त्याला नकार वाक्याच्या शेवटी, क्रियापदाजवळ ऐकायची सवय असते. ‘परत मिळणार नाही’ हे कोणी चुकून उलटे वाचत नाही.

पहिला दोष शब्दांचा, आणि तो सहज दिसतो. ‘अधिदान’ हा शब्द शासनव्यवहारात आहे. मुंबईत अधिदान व लेखा कार्यालय आहे आणि तिथे तो शोभतो. १९६०मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, राज्यकारभार मराठीत आणायचा तर अशा शब्दांची गरज होतीच. त्याही आधी, शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशाने दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते. पण बाजाराने आपले शब्द सोडले नाहीत. जमा, बाकी, वसूल, हप्ता हे फारसी-अरबीतून आलेले शब्द आजही वहीत आहेत, कारण त्यांच्याशी व्यवहार बांधलेला आहे. चेकबद्दल मराठीत ‘वटणे’ हे नेमके क्रियापद आहे. ‘चेक वटला नाही’ म्हटले की काय झाले ते शाळकरी मुलालाही कळते. ‘वसुलीच्या अधीन’ म्हटले तर वसुली कोण कोणाकडून करणार, असा प्रश्न पडतो.

शब्द बदलून सूचना सुधारेल असे मलाही आधी वाटले होते. ‘अधिदान’च्या जागी ‘पैसे’, ‘देय राहील’च्या जागी ‘द्यावेत’ एवढे केले की झाले. पण पहिल्याच वाक्याला अडलो. पैसे परत मिळणार नाहीत, हे ठीक. पण कोणी काय केल्यावर? इंग्रजी विशेषणाला हा प्रश्न पडत नाही. पैशाला एक गुण चिकटवला की ते मोकळे होते. मराठीत ‘परत मिळणार नाहीत’ असे क्रियापद आले की त्यामागे ‘जर’ यावा लागतो आणि ‘जर’च्या वाक्याला कर्ता लागतो. गिऱ्हाइकाने ऑर्डर रद्द केली तर? की दुकानदाराने पडदे शिवलेच नाहीत तरी?

आधी दिलेल्या पैशाला आपल्याकडे एकच नाव कधी नव्हते, हे इथे आठवावे. वाशीच्या घाऊक बाजारात शेतकरी आडत्याकडून घेतो ती उचल; ती पुढे पट्टीतून वळती होते. भाड्याच्या घरासाठी ठेवतो ती अनामत; ती घर सोडताना परत यायची असते. सौदा पक्का करायला देतात तो विसार. घेणारा फिरला तर विसार जातो आणि देणारा फिरला तर त्याने तो परत करायचा, ही समजूत त्या शब्दातच आहे. जमीन-घराच्या व्यवहारात विसारपावती अजून आहे. ‘ॲडव्हान्स’ने या तिन्ही शब्दांना गिळले. पैसा कोणाचा आणि कधीपर्यंत, हे पूर्वी शब्दच सांगत असे. आता ते सांगणारे काही उरले नाही.

कायदाही हा भेद मानतो. घराच्या व्यवहारासंबंधीच्या २०१२च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की सौद्याची हमी म्हणून दिलेली रक्कम, म्हणजे आपला विसार, घेणाऱ्याच्या चुकीने सौदा मोडला तर जप्त करता येते. पण किमतीचा एक भाग म्हणून दिलेली रक्कम तशी ठेवून घेता येत नाही. मग किमतीच्या निम्मी रक्कम आगाऊ घेऊन तिला सरसकट ‘परत नाही’ म्हणणे कितपत टिकेल, याचा विचार दुकानदारानेही करायला हवा.

म्हणून मी दुकानदाराला विचारले, “खरोखर तुम्ही काय करता?” तो म्हणाला, “कापड कापायच्या आधी कोणी आलं तर देतो की परत. कापलं की मग ते माझंही राहत नाही आणि त्यांचंही होत नाही. त्या मापाची खिडकी दुसरी कुठं शोधू?” बारा हजारांच्या ऑर्डरमध्ये कापडच सात हजारांचे असते. म्हणजे सहा हजार त्याने हावरेपणाने धरलेले नाहीत, ते कापडात गेलेले असतात. त्याच्या व्यवहाराची खरी सीमा कात्रीपाशी होती आणि सूचनेत कात्रीचा उल्लेखच नव्हता. त्या बाईंचे कापडही तेव्हा कापलेले नव्हते. सूचना टांगली आहे म्हणून ती पाळायची, एवढ्यासाठी त्याने स्वतःच्या रिवाजाविरुद्ध नकार दिला होता. नंतर त्याने त्यांना पैसे परत केले.

उलटा प्रश्न विचारला तेव्हा तो जरा थांबला : “आणि तुमच्याकडूनच उशीर झाला तर?” कारागीर गावी जातो, गिरणीकडून ताका येत नाही, ही कारणे त्याने सांगितली आणि ती खरीही होती. पण गिऱ्हाइकाच्या चुकीची शिक्षा लिहायची आणि स्वतःच्या चुकीबद्दल गप्प राहायचे, हे मराठीत लिहिले की उघडे पडते. अखेरीस कबूल तारखेनंतर आठ दिवसांची सवलत स्वतःला ठेवून तो तयार झाला.

दुसऱ्या वाक्यातले ‘वितरण’ असेच निघाले. हा माणूस बाकी पैसे पडदे घरी टांगून झाल्यावर घेतो. सूचना मात्र आधी मागते. चौथे वाक्य व्याजाचे. वार्षिक १८ टक्के म्हणजे आपल्या हिशेबात शेकडा दीड रुपया महिना. सहा हजारांवर महिन्याला नव्वद रुपये. कधी घेतलेत का, विचारल्यावर तो हसला. पडदे टांगल्याबरोबर पैसे घेणाऱ्याकडे थकबाकी उरतेच कुठे? ते वाक्य घाऊक व्यापाऱ्यांच्या बिलातून आले होते. ते भाषांतरित करण्याऐवजी काढून टाकले.

शेवटचे वाक्य इंग्रजी छापाचे असले तरी आता मराठीच वाटते, इतके ते मुरले आहे. पण २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घ्यायला आणि त्याचे पैसे द्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर तेवढ्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत. त्या वाक्याचे कितीही ओघवते मराठी केले तरी ते चुकीचेच राहिले असते.

आणि जे रोज घडते ते सूचनेत नव्हतेच. बहुतेक गिऱ्हाईक मोबाईलवरून पैसे देते. कधी पैसे गिऱ्हाइकाच्या खात्यातून जातात आणि दुकानदाराला आल्याचे कळत नाही. मराठीतली ‘गेले’ आणि ‘आले’ ही जोडी इथे फार उपयोगी पडते. रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या परिपत्रकाप्रमाणे यूपीआयवरून दुकानाला दिलेले असे अडकलेले पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. पुढे दर दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे. ती जबाबदारी बँकेकडे आहे, दुकानदाराकडे नाही, म्हणून सूचनेत तिचे आश्वासन देता येत नाही; रस्ता तेवढा सांगता येतो.

मला ‘विसार’ ठेवायचा मोह झाला होता. कच्चा मजकूर दुकानात आलेल्यांना वाचून दाखवला. माथाडी कामातून निवृत्त झालेल्या साताऱ्याकडच्या एका काकांनी ‘विसार’ला लगेच मान डोलावली, कॉलेजातल्या मुलीने “म्हणजे?” विचारले. म्हणून शब्द ‘ॲडव्हान्स’च ठेवला, पण विसारात जी अट न सांगता असे ती आता पूर्ण वाक्यात लिहिली. सूचना अशी झाली :

‘ऑर्डर देताना निम्मे पैसे ॲडव्हान्स द्यावेत.
कापड कापण्याआधी ऑर्डर रद्द केलीत, तर ॲडव्हान्स पूर्ण परत मिळेल. कापड कापल्यावर परत मिळणार नाही.
पावतीवरच्या तारखेनंतर आठ दिवसांतही आम्ही पडदे दिले नाहीत, तर तुम्ही ऑर्डर रद्द करून ॲडव्हान्स परत घेऊ शकता.
बाकी पैसे पडदे बसवून झाल्यावर लगेच द्यावेत.
चेक दिलात, तर तो वटल्यावर काम सुरू करू.
मोबाईलवरून पैसे गेले, पण आम्हाला आले नाहीत, तर व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा आणि आपल्या बँकेकडे तक्रार करा.
शिलाईत किंवा कापडात दोष निघाला, तर बिल घेऊन तीस दिवसांत या. दुरुस्त करून देऊ किंवा पैसे परत करू.’

मूळ पाच वाक्यांची नऊ झाली. यात एक उणीव आहे : कापड कधी कापले हे गिऱ्हाइकाला कळणार कसे? त्यासाठी दुकानदाराने पावतीवर ‘कापणार’ म्हणून एक तारीख लिहायला सुरुवात केली. हा बदल व्यवहारातला, पण तो सुचला वाक्यातून. ‘कापण्याआधी’ असे लिहिल्यावर ‘म्हणजे कधी?’ हा प्रश्न टाळता आला नाही.

अशा मजकुरांवर टीका करताना आपण बहुधा शब्द निवडून हसतो : अधिदान, देय, सदर. ते सोपे आहे. ‘राहील’, ‘येईल’, ‘जाणार नाही’ ही क्रियापदे जास्त तपासायला हवीत, कारण त्यांच्यामागे करणारा लपतो. कोपरखैरण्याच्या त्या दुकानात तो करणारा गल्ल्यावरच बसला होता, आणि विचारल्यावर त्याने सरळ मराठीत सगळे सांगितले. तेवढेच भिंतीवर लिहायचे होते.