'जीप' नावाची फाइल आणि आयनोडचा घोळ

मागच्या आठवड्यात परभणीत पेटची तयारी करणाऱ्या चार-पाच जणांबरोबर बसलो होतो. एकाला विचारलं, "आयनोड म्हणजे काय?" उत्तर लगेच आलं, "दादा, इंडेक्स्ड अलोकेशनमधला इंडेक्स ब्लॉक." मग विचारलं, "डिस्कवर निम्मी जागा रिकामी असताना आयनोड संपू शकतात का?" यावर सगळे गप्प.

पहिलं उत्तर परीक्षेत खपून जातं. पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातून निघत नाही, आणि संशोधनाच्या कामात तुमची गाठ पडते ती दुसऱ्या प्रश्नाशीच. दोष त्या मुलाचा नाही. आपण सगळे ज्या एका आकृतीवरून हा भाग शिकतो, तिचा आहे. आज त्या आकृतीबद्दलच लिहितो.

आकृती काय सांगते

सिल्बरशॅट्झ, गॅल्विन आणि गॅग्ने यांचं ऑपरेटिंग सिस्टिमचं पुस्तक तुम्ही पाहिलंच असेल. मुखपृष्ठावर डायनोसॉर, आणि आपल्याकडे सगळे त्याला नुसतं 'गॅल्विन' म्हणतात. त्यात ० ते ३१ असे ३२ ब्लॉक काढलेत आणि शेजारी डिरेक्टरीचा छोटा तक्ता आहे.

कंटिग्युअसमध्ये तक्त्यात सुरुवात आणि लांबी असते: 'मेल' ही फाइल १९ पासून ६ ब्लॉक, म्हणजे १९ ते २४. लिंक्डमध्ये 'जीप' ही फाइल ९ ला सुरू होते आणि प्रत्येक ब्लॉक पुढच्याचा पत्ता सांगतो: ९, १६, १, १०, २५. इंडेक्स्डमध्ये तीच जीप, तेच ब्लॉक, पण सगळे पत्ते १९ नंबरच्या एका ब्लॉकमध्ये, आणि डिरेक्टरीत फक्त '१९'.

एक गोष्ट ही आकृती उत्तम शिकवते. जीपचा चौथा ब्लॉक हवा असेल तर लिंक्डमध्ये आधीचे तीन वाचावे लागतात, इंडेक्स्डमध्ये १९ वाचून थेट १० वर जाता येतं. पहिल्या तासाला एवढं पुरेसं आहे. घोळ होतो तो दुसऱ्या तासाला, जेव्हा फळ्यावर आयनोड येतो आणि तो याच आकृतीत बसवला जातो.

पहिला घोळ: आयनोड म्हणजे १९ नंबरचा ब्लॉक नव्हे

आकृतीतला इंडेक्स ब्लॉक डेटाच्याच ब्लॉकांपैकी एक आहे. फाइल तयार झाली की मोकळा ब्लॉक उचलायचा आणि त्यात पत्ते लिहायचे. या हिशेबाने जागा आहे तोवर इंडेक्स ब्लॉक मिळणारच.

लिनक्सच्या ext4 मध्ये तसं नसतं. पार्टिशन फॉरमॅट करतानाच आयनोडांसाठी वेगळी जागा राखली जाते आणि त्यांची संख्या तिथेच ठरते. डिरेक्टरीत फाइलचं नाव आणि आयनोडचा नंबर, एवढंच. मालक, परवानग्या, आकार, तारखा, किती नावं या फाइलकडे बोट दाखवतात तो आकडा, आणि ब्लॉकांचे पत्ते, हे सगळं आयनोडमध्ये. नाव मात्र आयनोडमध्ये नसतं. म्हणूनच एका आयनोडला दोन नावं देता येतात, त्यालाच हार्ड लिंक म्हणतात.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर आठ-अचा उतारा आठवा. खातेदाराचे सगळे गट नंबर त्यावर एका जागी असतात. जमीन गटांत असते, उतारा तलाठ्याच्या दप्तरात. इंडेक्स ब्लॉकलाच आयनोड समजणं म्हणजे उतारा शेतातच पुरून ठेवलाय असं समजणं. (उताऱ्यावर खातेदाराचं नाव असतं, आयनोडवर फाइलचं नसतं. तेवढ्यापुरती उपमा सोडून द्या.)

आता माझीच फजिती सांगतो. एका प्रयोगासाठी मी पानांच्या फोटोंचे छोटे तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळ्या फाइलमध्ये ठेवत होतो. १०० जीबीचं पार्टिशन होतं, एकेक तुकडा साधारण ६ केबीचा. रात्रभर स्क्रिप्ट चालली आणि सकाळी स्क्रीनवर `No space left on device`. `df -h` लावलं तर निम्म्याच्या आसपास जागा मोकळी! डिस्क खराब झाली असं समजून मी अर्धा दिवस घालवला. मग हे पाहिलं:

```
$ df -i /data
Filesystem      Inodes   IUsed IFree IUse% Mounted on
/dev/sdb1      6553600 6553600     0  100% /data
```

हिशेब करून बघा. ext4 सहसा दर १६,३८४ बाइटांमागे एक आयनोड राखतं. १०० जीबीला ते ६५,५३,६०० होतात. ब्लॉक ४ केबीचा, म्हणून ६ केबीच्या तुकड्याला दोन ब्लॉक, म्हणजे ८ केबी लागतात. ६५,५३,६०० तुकड्यांना ५० जीबी. बरोबर निम्म्या डिस्कवर आयनोड संपणार, हे फॉरमॅट केलं त्याच दिवशी ठरलं होतं.

त्याच आकाराच्या ext4 पार्टिशनवर आयनोडांची संख्या नंतर वाढवता येत नाही. म्हणून मी हजार-हजार तुकड्यांच्या टार फाइली केल्या आणि काम पुढे सरकलं. सगळ्याच फाइल सिस्टिम अशा नसतात. XFS गरज पडेल तसे आयनोड तयार करतं. पण 'आयनोड म्हणजे इंडेक्स ब्लॉक' एवढंच डोक्यात असेल, तर `df -i` लावायचं सुचणारच नाही. मला सुचलं नव्हतं.

दुसरा घोळ: आयनोड आहे म्हणजे अलोकेशन इंडेक्स्ड, असं नव्हे

नोट्समध्ये तक्ता असतो: कंटिग्युअस म्हणजे जुनं, लिंक्ड म्हणजे फॅट, इंडेक्स्ड म्हणजे युनिक्सचा आयनोड. जणू तीन पक्ष आहेत आणि आयनोड तिसऱ्या पक्षाचा सभासद.

जुन्या ext3 साठी हे बरंचसं खरं होतं. आयनोडमध्ये पत्त्यांसाठी ६० बाइट, त्यात ४ बाइटांचे १५ पत्ते: १२ थेट, एक सिंगल, एक डबल आणि एक ट्रिपल इनडायरेक्ट. ext4 ने तेच ६० बाइट ठेवले आणि आतला मजकूर बदलला. १२ बाइटांचं हेडर, आणि १२-१२ बाइटांचे चार 'एक्स्टेंट'. एक्स्टेंट म्हणजे 'या ब्लॉकपासून सलग इतके ब्लॉक'. उताऱ्यावर गट १४१, १४२, १४३ असं न लिहिता 'गट १४१ ते १४६' लिहावं, तसं.

नीट बघा, सुरुवात आणि लांबी! म्हणजे पुस्तकातल्या 'मेल' फाइलची नोंद. नोट्सनी जिला जुनी म्हणून बाजूला काढलं, ती कंटिग्युअसची कल्पना आयनोडच्या पोटात बसली आहे.

याने फरक किती पडतो? १०० एमबीची फाइल घ्या, ब्लॉक ४ केबी, म्हणजे २५,६०० ब्लॉक. ext3 मध्ये १२ ब्लॉकांचे पत्ते आयनोडमध्येच. एका इनडायरेक्ट ब्लॉकमध्ये १०२४ पत्ते मावतात, तेवढे सिंगलमध्ये. उरले २४,५६४. त्यांच्यासाठी डबलखाली २४ ब्लॉक, आणि वर स्वतः डबलचा एक. एकूण १ + २४ + १ = २६ ब्लॉक फक्त पत्ते ठेवायला. ext4 मध्ये एका एक्स्टेंटमध्ये ३२,७६८ ब्लॉक बसतात. सलग जागा मिळाली तर एकच एक्स्टेंट पुरतो आणि पत्त्यांसाठी जादा ब्लॉक शून्य.

तुमच्या उबंटूवर ext4 असेल तर करून बघा. खालची फाइल माझ्या मशीनवरची आहे, तुमचे ब्लॉक नंबर वेगळे येतील आणि तुकडेही एकाहून जास्त असू शकतात.

```
$ dd if=/dev/zero of=namuna.bin bs=1M count=100 conv=fsync
$ filefrag -v namuna.bin
Filesystem type is: ef53
File size of namuna.bin is 104857600 (25600 blocks of 4096 bytes)
 ext:     logical_offset:        physical_offset: length:   expected: flags:
   0:        0..   25599:    1081344..   1106943:  25600:             last,eof
namuna.bin: 1 extent found
```

सलग जागा नसेल तर? पुस्तकातल्या शुद्ध कंटिग्युअसमध्ये सहा ब्लॉकांची फाइल तीन-तीनच्या दोन भोकांत मावतच नाही. ext4 तिचे दोन एक्स्टेंट करतं. चारपेक्षा जास्त लागले की आयनोडच्या बाहेर ४ केबीचा एक ब्लॉक घेतला जातो, त्यात ३४० एक्स्टेंट मावतात, आणि गरजेप्रमाणे त्यांचं झाड वाढतं. म्हणजे बाहेरचं फ्रॅगमेंटेशन गेलेलं नाही. आधी त्यामुळे फाइल बसत नव्हती, आता बसते पण तुकड्या-तुकड्यांत. तुमची फाइल किती तुटली आहे हे `filefrag` च्या शेवटच्या ओळीत दिसतं.

मग दोष कुणाचा

इथे न्यायाने बोलायला हवं. एक्स्टेंटची कल्पना गॅल्विनमध्ये आहे, कंटिग्युअसच्याच भागात, एका परिच्छेदात. आपल्या नोट्समध्ये आकृती उतरली आणि तो परिच्छेद गळला.

पण आकृतीचाही एक दोष राहतोच. तिन्ही पद्धतींत तिची डिरेक्टरी सारखीच आहे: फाइलचं नाव, आणि शेजारी थेट ब्लॉकचा नंबर. ही रीत फॅटची. तुमच्या पेनड्राइव्हवर फॅट३२ असेल तर ३२ बाइटांच्या डिरेक्टरी नोंदीतच नाव, आकार, तारीख आणि पहिला क्लस्टर सापडतो, आयनोड नसतोच. युनिक्समध्ये नाव आणि ब्लॉक यांच्या मध्ये आयनोड उभा असतो. आकृतीत तो मधला कप्पाच काढलेला नाही, म्हणून विद्यार्थी त्याला कुठेतरी कोंबतो, आणि सर्वांत जवळचा दिसतो तो १९ नंबरचा ब्लॉक.

मला विचाराल तर फळ्यावर दोन वेगळे प्रश्न लिहावेत. एक: फाइलची माहिती कुठे ठेवली आहे, डिरेक्टरीच्या नोंदीत की आयनोडमध्ये? दोन: ब्लॉकांचे पत्ते कोणत्या रीतीने लिहिलेत, सलग पट्टा, साखळी की यादी? फॅटचं उत्तर 'डिरेक्टरी आणि साखळी', ext3 चं 'आयनोड आणि यादी', ext4 चं 'आयनोड आणि पट्ट्यांची यादी'. तीन पद्धती फक्त दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं आहेत. आयनोड पहिल्याचं आहे.

पेटमध्ये 'युनिक्स आयनोड कोणत्या पद्धतीचं उदाहरण?' असं आलं तर 'इंडेक्स्ड' वरच खूण करा, मार्क तिथेच आहेत. मुलाखतीत मात्र पुढचं एक वाक्य जोडा: "पारंपरिक आयनोडसाठी हे बरोबर आहे, ext4 च्या आयनोडमध्ये एक्स्टेंट असतात." समोरच्याने "म्हणजे काय?" विचारलं, तर २६ आणि शून्य हा हिशेब कागदावर मांडून दाखवा.