मलपृष्ठावरचा मजकूर कुठे थांबावा?

दुकानात पुस्तके चाळणारा वाचक पुस्तक आधी उलटे करतो. मलपृष्ठावरचे शंभरेक शब्द वाचून तो पुस्तक उघडतो किंवा जागेवर ठेवून देतो. आपल्याकडे तिथे बहुधा लेखकाची तारीफ असते, नाहीतर कथेचा सारांश. तारीफ कुठल्याही पुस्तकाला चिकटते. सारांश मात्र पुस्तकाचे नुकसान करतो.

मिर्झा हादी रुसवा यांची 'उमराव जान अदा' (१८९९) घ्या. फैजाबादच्या अमीरनला शेजारचा दिलावर खान पळवतो आणि ती लखनौत खानमच्या कोठ्यावर विकली जाते. एवढे मलपृष्ठावर सांगितले तर भेद फुटतो का? नाही. ही सारी कहाणी उतारवयातली उमराव स्वतःच रुसवांना सांगते आहे. ती तवायफ झाली हे वाचकाला सुरुवातीलाच ठाऊक असते. लेखकाने जे स्वतः उघड केले ते झाकण्यात हशील नाही.

झाकायच्या जागा माझ्या मते दोन. अमीरनबरोबर विकायला ठेवलेल्या रामदेई नावाच्या मुलीचे पुढे काय झाले, ही एक. बऱ्याच वर्षांनी उमराव फैजाबादला पोचते तेव्हा काय घडते, ही दुसरी. (इथेही सांगत नाही.)

पण भेद केवळ प्रसंग सांगून फुटतो असे नाही. 'समाजाने नाकारलेल्या स्त्रीची शोकांतिका' असे छापले, तर एकही घटना न सांगता फैजाबादचा प्रसंग हातचा गेला. विशेषणे फार बोलकी असतात. 'अखेर', 'शेवटी' हे शब्दही तसेच. मजकूर झाला की ज्याने पुस्तक वाचलेले नाही अशा माणसाला तो द्यावा आणि शेवट काय असेल ते विचारावे. त्याने बरोबर सांगितले तर कोणत्या शब्दावरून ओळखले तेही विचारावे आणि तो शब्द काढावा.

मी असा मजकूर लिहीन: 'बापाने एका गुंडाविरुद्ध खरी साक्ष दिली. त्याची किंमत मुलीने मोजली. फैजाबादची अमीरन लखनौत विकली गेली. तिच्यासोबत आणखी एक मुलगी होती, तिची वाट वेगळी झाली. खानमच्या कोठ्यावर अमीरनला नवे नाव मिळाले, गाणे मिळाले, शायरी मिळाली. आता उमराव जान आपली कहाणी स्वतः सांगते आहे. फैजाबाद ती विसरलेली नाही.'

यातल्या घटना कादंबरीच्या सुरुवातीच्या भागातल्याच आहेत. 'ती घरी परतेल का?' असा प्रश्न मुद्दाम टाळला आहे. त्याला जाहिरातीचा वास येतो, शिवाय वाचक हो किंवा नाही ठरवून मोकळा होतो.

मुझफ्फर अली यांच्या १९८१ च्या चित्रपटाने सारे सांगून टाकले आहे, मग लपवायचे कशाला, असे कोणी म्हणेल. पण आज मराठी अनुवाद हातात घेणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलीने तो पाहिलाच असेल असे नाही, आणि मलपृष्ठ आधी वाचणार ते तीच.