मुखपृष्ठ नसलेलं गाण्यांचं पुस्तक आणि गाथेत न सापडलेला 'अभंग'

दिवाळीत कोरेगावला घरी गेले होते तेव्हा आज्जीच्या ट्रंकेतून एक चोपडी निघाली. सिनेमा बघायला गेलं की दारात आण्या-दोन आण्याला मिळायची ना, तसलं गाण्यांचं पुस्तक. कव्हर गायब, पानं पिवळी पडून कडांना तुटलेली, मधल्या दोन पिनांचा गंज कागदात उतरलेला. आज्जी म्हणाली, "तुकारामाचाच सिनेमा गं तो. जत्रेत तंबूत बघितलेला." पण कुठला तुकाराम? तुकोबांवर मूकपटाच्या काळापासून चित्रपट निघत आलेत, आणि त्यातला एक सोडला तर बाकीचे आपल्याला धड आठवतही नाहीत. म्हणूनच 'असेल प्रभातचाच' असं म्हणून मोकळं होणं मला पटेना. जे प्रसिद्ध तेच आपल्या हातात आहे, हे गृहीत धरलं की शोध तिथंच संपतो.

आधी वस्तू बघितली, मजकूर नंतर. पिनांच्या डावीकडे तीन पानं, उजवीकडे चार. असली पुस्तकं कागद मधोमध दुमडून पिना मारून केलेली असतात, म्हणजे दोन्ही बाजूंना पानं सारखी हवीत. उजवीकडचं शेवटचं पान सुटं झालेलं होतं, कारण त्याचा डावीकडचा जोडीदारच फाटून गेलाय. पहिल्या उरलेल्या पानावर छापील आकडा ३. तेव्हा हिशेब जुळला: आठ पानांचं, सोळा पृष्ठांचं पुस्तक, त्यातलं १-२ गेलं आणि कव्हर वेगळं, बिनआकड्याचं. नटनट्यांची नावं, संस्थेचं नाव, किंमत हे सगळं बहुधा त्या दोन कागदांवरच असणार. माझ्याकडं उरलं ते कथासाराचं शेपूट आणि गाणी.

कथासारानं काहीच मदत केली नाही, आणि का नाही ते जरा थांबून बघण्यासारखं आहे. इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या, शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा परत करणं, शेवटी वैकुंठगमन. हे महिपतींच्या चरित्रापासून सगळ्यांकडं आहे. मी वनस्पतिशास्त्राची. आमच्याकडं ओळख-कुंजीत जे लक्षण अख्ख्या कुळात सारखं असतं त्यावरून जात ठरवत नाहीत. तसंच हे. सालोमालोचं नाव वाचून मला क्षणभर वाटलं की सापडलं, कारण प्रभातच्या चित्रपटातला खलपुरुष तोच. पण सालोमालो परंपरेतही आहे. दुसरा कुणी पटकथाकार त्याला घेऊ शकतोच.

मग गाणी. इथं माझी पहिली चूक झाली. एका गाण्याची पहिली ओळ मोबाईलवर टाकली, अभंगांच्या चार वेबसाइट आल्या, आणि मी ठरवून टाकलं की हे सिनेमाचं नाहीच, भजनाचं पुस्तक आहे. आज्जीची आठवण चुकली असणार म्हणून मोकळी! खरं तर मजकूर जुना आहे एवढंच त्यातून कळत होतं. पुस्तक कशाचं, हे नाही. उत्तर त्याच पानावर होतं: प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर ते म्हणणाऱ्या पात्राचं नाव छापलंय. तुकाराम, जिजाई, सालोमालो. भजनाच्या पुस्तकाला जिजाईच्या तोंडी गाणं घालायचं कारण काय?

आता उलटा प्रश्न विचारला. गाथेत काय मिळतं हे सोडून, गाथेत काय *मिळत नाही*? सरकारी गाथेत साडेचार हजारांच्या वर अभंग आहेत आणि मागं अकारविल्हे सूची आहे. पण सूचीत नाव नाही म्हणजे अभंग नाही, असं म्हणता येत नाही. सूची पहिल्या चरणाची असते. गाताना बऱ्याचदा ध्रुवपदापासून उचलतात, आणि ते गाथेत दुसऱ्या चरणावर असू शकतं. शिवाय देहूची प्रत, पंढरपूरची प्रत यांत पाठभेद आहेत, अभंगांचे क्रमांकही सारखे नाहीत. म्हणून प्रत्येक गाण्याची मधली आणि शेवटची ओळसुद्धा शोधली. दोन संध्याकाळी गेल्या. बहुतेक गाणी या ना त्या ओळीनं सापडली.

बी आणि झाडाचं एक गाणं मात्र कुठूनच सापडेना. एका बीजातून झाड, झाडातून फुलं-फळं, आणि इतक्या रूपांच्या शेवटी पुन्हा ब्रह्म एकच, असा त्याचा विचार.

तुम्हांला चाल आठवली असेल. ते गाणं शांताराम आठवल्यांचं, प्रभातच्या 'संत तुकाराम'साठी लिहिलेलं. चित्रपट १९३६चा, दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल, संगीत केशवराव भोळे, तुकाराम झाले विष्णुपंत पागनीस. हा अभंग तुकोबांच्या कुठल्या गाथेत आहे अशी विचारणा अभ्यासकांनी केली होती, असं सांगतात. ही गोष्ट आठवल्यांचं कौतुक म्हणून सांगितली जाते. मला ती अभ्यासकांच्या वाचनाबद्दलच जास्त सांगते असं वाटतं. कारण गाणं नीट वाचलं तर ते लपत नाही. शेवटी 'तुका म्हणे' ही मुद्रा नाही. ओळींची लांबी अभंगाच्या मापात बसत नाही, ती चालीनुसार वाढते-कमी होते. आणि भाषा फार गुळगुळीत आहे. तुकोबा शेतकरी, बियाण्याबद्दल बोलताना ते एखादा खडा आणतातच. इथं एकही नाही. गाणं सुंदर आहे, पण ते सुशिक्षित विसाव्या शतकाचं सौंदर्य आहे. लोक फसले ते पागनीसांच्या गळ्यामुळं आणि चेहऱ्यामुळं. कागदावर ते तेवढं फसवत नाही.

तर माझी ओळख पटली ती अस्सल अभंगांमुळं नाही, त्या एका नकलेमुळं. फक्त तिची मर्यादा सांगायला हवी. हे गाणं पुढं भजनी मंडळांत शिरलं, संग्रहांत छापलं गेलं. त्यामुळं नुसतं ते गाणं असणं एवढंच सिद्ध करतं की पुस्तक १९३६च्या आधीचं नाही. गाणं *आणि* पात्रांची नावं, दोन्ही एकत्र आल्यावरच प्रभातचं नाव घेता येतं.

शेवटी चित्रपट लावला आणि पुस्तक मांडीवर घेऊन बसले. कोण कुठलं गाणं म्हणतं ते जुळलं. क्रम एका ठिकाणी जुळला नाही. त्यानं घाबरायचं कारण नाही, कारण पुस्तक छापायला जाईपर्यंत संकलन पक्कं झालेलं असेलच असं नाही, आणि चित्रपटाच्या आज दिसणाऱ्या प्रतीही कापलेल्या असू शकतात. म्हणणारं पात्रच वेगळं निघालं असतं, तर मात्र मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली असती. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात अशा पुस्तिका जपलेल्या आहेत. कव्हरसकट प्रत मिळाली तर पृष्ठ ३ ओळीनं ओळ ताडून बघायचंय.

पण चित्रपट ओळखला म्हणजे माझ्या हातातली *प्रत* कधीची ते कळलं, असं नाही. हा चित्रपट वर्षानुवर्षं गावोगाव फिरत राहिला, पुस्तकं पुन्हा छापायला काहीच अडचण नव्हती. किंमत कव्हरसोबत गेली. शेवटच्या पानाच्या समासात पेन्सिलीनं कुणीतरी गूळ, चहापत्ती, काडेपेटीचा हिशेब मांडलाय, रुपये-आणे-पैमध्ये. नवे पैसे १ एप्रिल १९५७ला आले. नंतरही लोक तोंडानं बरीच वर्षं 'आणे'च म्हणत होते, पण 'पै'चा रकाना आखून कुणी हिशेब केला असेल असं वाटत नाही. म्हणून मी माझ्या वहीत लिहिलं: चित्रपट १९३६, प्रत बहुधा १९५७च्या आधीची. 'बहुधा' खाली रेघ मारली. अक्षर कुणाचं ते आज्जीला ओळखता आलं नाही.