छापील मथळा आणि हस्तलिखित नोंद : सातबाराच्या जुन्या पानांवरून कोष्टक उतरविण्याच्या पद्धतीची चिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आणि त्यानुसार झालेले १९७१ चे अधिकार अभिलेखविषयक नियम यांनी गाव नमुना सात व गाव नमुना बारा यांचे स्वरूप निश्चित केले. रकाने व त्यांचे मथळे छापील आणि मजकूर तलाठ्याच्या हातचा, अशी ही पाने रायगडच्या किनारपट्टीवर अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या तालुक्यांत अनेक वर्षे लिहिली गेली. ग्रामीण अर्थव्यवस्था, भूगोल वा इतिहास यांच्या अभ्यासकाला खारजमीन, भातशेती आणि नारळ-सुपारीच्या बागा यांचा दीर्घकालीन आढावा घ्यायचा असेल, तर या पानांच्या संगणकीय प्रतिमांवरून कोष्टक तयार करणे त्याला क्रमप्राप्त ठरते. या कामात छापील भाग व हस्तलिखित भाग वेगळे करण्याची जी पद्धत सर्रास स्वीकारली जाते, तिच्या गृहीतकांची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वजाबाकीचे गृहीतक

रूढ पद्धत समजण्यास सोपी आहे. कोऱ्या नमुन्याची प्रतिमा घ्यावी, ती भरलेल्या पानावर तंतोतंत बसवावी आणि दोहोंत समान असलेले काळे बिंदू पुसून टाकावेत. उरेल ते हस्ताक्षर. भारताच्या २००१ च्या जनगणनेत आकडे यंत्राने ओळखण्याचा प्रयोग झाला, तो यंत्रासाठी मुद्दाम आखलेल्या, स्वतंत्र चौकटी असलेल्या पत्रकांवर. सातबाराचे पान यंत्रासाठी आखलेले नव्हते. तेव्हा तेथील यश येथे गृहीत धरता येत नाही.

पहिली अडचण जुळणीची आहे. ए-चार आकाराचे पान प्रतिइंच ३०० बिंदूंनी टिपले, तर त्याची रुंदी सुमारे २४८० बिंदू भरते. पान केवळ अर्ध्या अंशाने तिरपे टिपले गेले, तरी डावीकडून उजवीकडे जाताना आडवी रेघ सुमारे २२ बिंदूंनी सरकते. छापील रेघेची जाडी मात्र चार बिंदूंच्या आसपास असते. म्हणजे रेघ आपल्या जागेपासून जाडीच्या पाचपट दूर जाते, आणि वजाबाकी रेघ न पुसता शेजारचा मजकूर पुसते. तिरपेपणा सरळ करता येतो. परंतु किनाऱ्याच्या दमट हवेत राहिलेला कागद सर्वत्र सारखा ताणला जात नाही. अर्ध्या टक्क्याचा फरकही पानाच्या रुंदीत १२ बिंदूंचा होतो. म्हणून संपूर्ण पान एकदम न बसवता, जेथे आडव्या-उभ्या रेघा छेदतात ते बिंदू शोधून प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे बसविणे श्रेयस्कर ठरते.

दुसरी अडचण कोऱ्या नमुन्याचीच आहे. नमुन्याची छपाई सर्व काळी एकसारखी असेल असे नाही, आणि त्या विशिष्ट छपाईचे कोरे पान बहुधा मिळत नाही. अशा वेळी एकाच छपाईची तीसेक भरलेली पाने जुळवून जे बिंदू पंचवीसहून अधिक पानांत काळे आढळतात ते छापील मानावेत, असा उपाय सुचविला जातो. तो मुळात योग्य आहे. तथापि ही सर्व पाने एकाच गावची असली, तर गावाचे व तालुक्याचे हाताने लिहिलेले नावही जवळपास एकाच जागी पुन्हा पुन्हा येते आणि काही अंशी छापील ठरते. तयार झालेल्या 'कोऱ्या' नमुन्यात गावाच्या नावाची पुसट सावली दिसली, की हा दोष ओळखावा. निरनिराळ्या गावांची पाने घेतल्यास तो टळतो.

देवनागरीचा विशेष प्रश्न

रेघा पुसण्याची क्रिया देवनागरी हस्ताक्षरावर अधिक आघात करते. तलाठ्याची शिरोरेषा कित्येकदा रकान्याच्या आडव्या रेघेवरच येते. रेघ पुसली की शिरोरेषाही जाते. 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' यांतील भेद बऱ्याच अंशी शिरोरेषेच्या खंडावर अवलंबून असल्याने 'भात' या नोंदीचे 'मात' होण्यास वेळ लागत नाही. उभ्या रेघेला टेकलेल्या शून्याचा अर्धा भाग नाहीसा होतो, तो याच कारणाने. यावर उपाय असा की, रेघेची जाडी जेथे नेहमीच्या चार बिंदूंहून वाढलेली आहे किंवा रेघेच्या दोन्ही बाजूंना शाईचा फटकारा सलग चालू आहे, तेथील बिंदू पुसू नयेत. ते छापीलही आहेत आणि हस्तलिखितही आहेत, अशी दुहेरी नोंद ठेवावी.

मथळा गमावण्याची किंमत

येथवरच्या त्रुटी अक्षरओळखीच्या आहेत. अधिक गंभीर त्रुटी अर्थाची आहे. पुढील उदाहरण उदाहरणादाखल योजिले आहे. एका पानावर लागवडीयोग्य क्षेत्र १-२५, पोटखराब ०-३५ आणि एकूण २-२० असे हाताने लिहिले आहे. नमुन्यावर 'हेक्टर-आर' असे छापले असून ते खोडून वर बारीक अक्षरात 'ए. गुं.' लिहिले आहे. वजाबाकीने छापील मथळा काढून टाकला जातो, आणि वर लिहिलेली दुरुस्ती रकान्याबाहेरची म्हणून दुर्लक्षित होते. मग २-२० चा अर्थ २.२० हेक्टर असा लावला जातो. वस्तुतः २ एकर २० गुंठे म्हणजे अडीच एकर, अर्थात सुमारे १.०१ हेक्टर. क्षेत्र दुपटीहून अधिक फुगते.

ही चूक पकडण्याचे साधन पानावरच आहे. २५ व ३५ मिळून ६० होतात. एकरात ४० गुंठे असल्याने १ एकर हातचा जातो, २० गुंठे उरतात आणि बेरीज २-२० बरोबर येते. हेक्टर मानल्यास ती १.६० येते आणि लिहिलेल्या आकड्याशी जुळत नाही. मात्र जेथे हातचा येत नाही, तेथे ही कसोटी मूक राहते. तेथे शेजारच्या पानांचा आणि खोडलेल्या मथळ्याचाच आधार घ्यावा लागतो. म्हणून छापील मजकुरावर हाताने ओढलेली रेघ ही स्वतंत्र नोंद समजली पाहिजे. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. जुन्या छपाईच्या पानावर 'कुलाबा' खोडून 'रायगड' लिहिले असेल, तर ती खूण पानाच्या कालनिश्चितीसही उपयोगी पडते.

बेरजेच्या कसोटीलाही न सापडणारी गोष्ट म्हणजे कंस. फेरफार मंजूर झाल्यावर जुन्या भोगवटादाराचे नाव कंसात घेण्याची आणि फेरफार क्रमांकाभोवती वर्तुळ काढण्याची प्रथा सर्वपरिचित आहे. मथळ्यांतही छापील कंस असतात. सर्व कंस छापील समजून काढले, तर हक्क संपलेला इसम कोष्टकात विद्यमान भोगवटादार म्हणून अवतरतो. अक्षर अचूक वाचले गेले, तरी नोंद खोटी ठरते.

निष्कर्ष

छापील व हस्तलिखित यांची फारकत करताना काय पुसावे हा प्रश्न चुकीचा आहे. प्रत्येक बिंदू छापील, हस्तलिखित, दुहेरी किंवा शिक्का यांपैकी कोणत्या वर्गात मोडतो, एवढेच ठरवावे आणि मूळ प्रतिमा अबाधित ठेवावी. अंतिम कोष्टकात प्रत्येक आकड्यासोबत त्याचा मथळा, मथळ्यावरील दुरुस्ती आणि कंसाची खूण स्वतंत्र रकान्यांत नोंदवावी. एवढे केल्यास संशयास्पद आकडा पुन्हा मूळ पानाशी ताडून पाहता येतो. पुसून टाकलेल्या मथळ्याच्या बाबतीत ती सोय उरत नाही.