हीट पंपाचे 91 टक्के नक्की कशाचे? बायव्हॅलंट पॉइंट वाचायला शिकू या

जुन्या निवासी इमारतींच्या हीटिंगवरचे शोधनिबंध वाचायला लागलात की एक वाक्य तुम्हाला पुन्हा पुन्हा भेटेल. "बायव्हॅलंट पॉइंट अमुक अंशावर ठेवला, हीट पंपाने वार्षिक गरजेच्या 91 टक्के उष्णता पुरवली, उरलेली बॉयलरने." हे वाचून पुढे जाऊ नका. माझी या वाक्याबद्दल तक्रार अशी आहे की ते खोटं नसतं, पण अर्धवट असतं. तीच इमारत आणि तोच पंप ठेवून हा आकडा 91 चा 46 करता येतो, आणि तोही एकही आकडेमोड न चुकवता. कसा, ते एका उदाहरणावर बघू.

आधी शब्द. बायव्हॅलंट म्हणजे उष्णतेचे दोन स्रोत असलेली यंत्रणा. इथे हवेतून उष्णता घेणारा हीट पंप आणि जोडीला गॅस बॉयलर. बाहेर थंडी वाढली की इमारतीची गरज वाढते आणि नेमकी त्याच वेळी पंपाची क्षमता घटते. आलेखावर एक रेघ चढते, दुसरी उतरते. त्या जिथे छेदतात ते तापमान म्हणजे बायव्हॅलंट पॉइंट. त्याच्या खाली पंप एकटा पुरा पडत नाही.

आता इमारत घेऊ. समजा, जर्मनीत फ्रँकफर्टमध्ये 24 फ्लॅटची, 1960 च्या दशकातली एक इमारत आहे. जुन्या जर्मन यादीनुसार या शहराचं डिझाइन तापमान उणे 12 अंश. डीआयएन ईएन 12831 या मानकाच्या पद्धतीने, भिंती-खिडक्यांची मूल्यं इमारतीच्या वयावरून धरून, सल्लागाराने उष्णताभार काढला 120 किलोवॅट. पंप असा निवडला की शून्य अंशाला तो 40 किलोवॅट देतो आणि दर अंशाला साधारण एक किलोवॅट कमी-जास्त होतो. म्हणजे उणे 7 ला 33.

पहिला प्रश्न: इमारतीची रेघ कुठून आणली?

120 किलोवॅट हा आकडा हिशेबाचा आहे. त्यात सगळ्या खोल्या एकाच वेळी पूर्ण गरम असतात, सूर्य तापत नाही, माणसं आणि फ्रिज उष्णता देत नाहीत, आणि भिंतीची माहिती नसेल तिथे वाईटातलं वाईट धरलं जातं. रेडिएटर निवडण्यासाठी हे ठीकच आहे, कारण तिथे एकही खोली गार राहून चालत नाही. पण पंपाचा आकार ठरवायला हाच आकडा उचलायचा का?

याच इमारतीचा गॅस मीटर रोज वाचला असता तर? रोजचा गॅस घ्या, बॉयलरच्या कार्यक्षमतेने गुणा (बिलातला आकडा उच्च उष्मांकावरचा असतो, कार्यक्षमताही त्याच आधारावरची घ्या), उन्हाळ्यातल्या खपावरून गरम पाण्याचा वाटा काढून वजा करा, आणि जे उरेल ते बाहेरच्या सरासरी तापमानासमोर मांडा. ठिपके बहुतेक सरळ रेघेत बसतात. समजा आपली रेघ 15 अंशाला शून्यावर येते आणि दर अंशाला 3 किलोवॅटने चढते. ती उणे 12 पर्यंत वाढवली की भार येतो 81 किलोवॅट.

आता छेदनबिंदू बघा. 120 च्या रेघेवर तो जवळपास अधिक 5 अंशाला येतो, 81 च्या रेघेवर अधिक सव्वा अंशाला. पंप तोच. म्हणजे बायव्हॅलंट पॉइंट हा पंपाचा गुणधर्म नाहीच. दोन रेघांपैकी एक सरकली की तो सरकतो. इमारतीची रेघ न देता निबंधात नुसता पॉइंट दिला असेल, तर तुमच्या हातात काहीच दिलेलं नाही.

इथे कुणी म्हणेल, मोठा आकडा सुरक्षित ना? एकट्या पंपावर चालणाऱ्या घरात तो मुद्दा रास्त आहे. मोजलेल्या रेघेलाही मर्यादा आहेत: आज भाडेकरू काटकसर करत असतील, उद्या करणार नाहीत; शिवाय उणे 12 चा दिवस त्या हिवाळ्यात आलाच नसेल तर रेघ आपण अंदाजाने लांबवलेली असते. पण इथे मागे बॉयलर उभा आहे. भार कमी धरला गेला तर फ्लॅट गार पडत नाहीत, थोडा गॅस जास्त जळतो. सुरक्षेची जबाबदारी बॉयलरने घ्यायची असताना तीच पंपावरही लादली, तर पंप जवळपास दीडपट घ्यावा लागतो. त्याची किंमत हिवाळ्यात नाही, ऑक्टोबर आणि एप्रिलमध्ये कळते. निवडलेला पंप 15 किलोवॅटपर्यंत खाली उतरू शकतो असं धरा. दीडपट मोठा पंप 22 च्या खाली जाणार नाही. आपल्या इमारतीला 22 पेक्षा कमी लागतात ते बाहेर साधारण 8 अंशाच्या वर असताना. त्या सगळ्या तासांत मोठा पंप चालू-बंद, चालू-बंद होत राहतो. कंप्रेसरच्या स्टार्टची संख्या भागिले चालू तास, एवढा साधा भागाकारही हा दोष उघडा पाडतो.

दुसरा प्रश्न: पॉइंटच्या खाली पंप काय करतो?

दोन शक्यता आहेत. समांतर पद्धतीत पंप चालूच राहतो आणि बॉयलर फक्त तूट भरतो. पर्यायी पद्धतीत पंप बंद होतो आणि बॉयलर सगळा भार घेतो. फरक किती पडतो? खालचे तास मी सोपेपणासाठी गोल आकड्यांत धरले आहेत, त्यांची बेरीज 2000 डिग्री-दिवसांच्या आसपास येते. स्वतः चालवून बघा.

```python
T = [-10, -6, -3, 0, 3, 6, 9, 12]
h = [20, 100, 300, 700, 1000, 1000, 1000, 800]
load = [3*(15-t) for t in T]
hp = [40+t for t in T]
total = sum(l*n for l, n in zip(load, h))
par = sum(min(l, p)*n for l, p, n in zip(load, hp, h))
alt = sum(l*n for l, p, n in zip(load, hp, h) if p >= l)
print(par/total, alt/total)
```

समांतर: 91 टक्के. पर्यायी: 61 टक्के. पॉइंट एकच, सव्वा अंश. याचं कारण तासांच्या यादीत आहे. वर्षातले बरेचसे थंड तास शून्याच्या आसपास असतात, तिथे तूट जेमतेम 5 किलोवॅटची असते. समांतर पद्धतीत बॉयलर तेवढेच 5 देतो, पर्यायीत 45 च्या 45.

खरी गोम पुढे आहे. कागदावर समांतर लिहिलेली यंत्रणा बॉयलर-रूममध्ये पर्यायी होऊन बसते, आणि कुणी बटण दाबलेलं नसतं. जुन्या रेडिएटरना कडाक्याच्या थंडीत 65-70 अंशाचं पाणी लागतं. पंप आणि बॉयलर एकाच बफर टाकीला जोडले आणि बॉयलरने टाकी 65 ला नेली, की पंपाकडे परतणारं पाणीही तापतं. पंपाची पाणी तापवण्याची मर्यादा 55-60 असेल तर त्याला करायला काही उरत नाही आणि नियंत्रक त्याला थांबवतो. उपाय ठाऊक असलेला आहे: दोघांना मालिकेत जोडायचं. रेडिएटरकडून परतलेलं गार पाणी आधी पंपाला मिळतं, पंप ते त्याच्या मर्यादेपर्यंत चढवतो, आणि उरलेले अंश बॉयलर पुढच्या नळीत चढवतो, बफरमध्ये नाही.

हे झालंय की नाही ते ओळखायचं कसं? पंपाला एक आणि बॉयलरला एक, असे दोन स्वतंत्र उष्णता मीटर हवेत. पंपाची तासागणिक उष्णता बाहेरच्या तापमानासमोर मांडा. पॉइंटच्या डावीकडे ठिपके पंपाच्या क्षमतेच्या रेघेवर राहिले तर यंत्रणा खरोखर समांतर आहे. ते शून्यावर कोसळले तर निबंधात काहीही लिहिलेलं असो, ती पर्यायी आहे. एकच एकत्रित मीटर असेल तर हा प्रश्न सुटतच नाही, आणि तसं लेखकांनी स्पष्ट लिहायला हवं.

तिसरा प्रश्न: टक्के कशाचे?

वरचे 91 फक्त खोल्या तापवण्याचे आहेत. मोठ्या गरम-पाणी यंत्रणांत लिजिओनेला जंतूंमुळे टाकीतून निघणारं पाणी किमान 60 अंश आणि फिरून येणारं किमान 55 ठेवावं लागतं, म्हणून ते काम अनेकदा पूर्णपणे बॉयलरकडे दिलं जातं. आपल्या 24 फ्लॅटना त्यासाठी फ्लॅटमागे 2000, एकूण 48,000 किलोवॅट-तास लागतात असं धरू. तापवण्याचे सुमारे 1,44,000. पाणी छेदात घेतलं की 91 चे होतात 68. आणि यंत्रणा गुपचूप पर्यायी झालेली असेल तर 46.

हा वाद नुसता निबंधांपुरता नाही. जर्मनीचा इमारत ऊर्जा कायदा, 1 जानेवारी 2024 पासून लागू झालेल्या स्वरूपात, नव्या हीटिंगसाठी 65 टक्के नवीकरणीय उष्णता मागतो. पंप-बॉयलर जोडीला मात्र तो क्षमतेवरून पास करतो: उणे 7 च्या चाचणी बिंदूवर पंपाची क्षमता उष्णताभाराच्या किमान 30 टक्के असावी, पर्यायी पद्धत असेल तर 40. आपला पंप तिथे 33 किलोवॅट देतो. 120 ने भागलं तर साडेसत्तावीस टक्के, नापास. 81 ने भागलं तर जवळपास 41, म्हणजे पर्यायी पद्धतीतही पास. आणि आपल्या गोल आकड्यांच्या हिशेबात ती यंत्रणा प्रत्यक्षात पुरवते 61 किंवा 46 टक्के. क्षमता तपासणं सोपं असतं, हे मान्य. पण क्षमतेवरून ऊर्जेचा निष्कर्ष काढताना पद्धत आणि गरम पाणी मधल्यामध्ये गळून जातात.

म्हणून असा निबंध हातात आला की निष्कर्षाआधी तीन गोष्टी शोधा: इमारतीची रेघ मोजलेली की हिशेबाची, पॉइंटच्या खाली पंप चालू असल्याचा मीटरचा पुरावा, आणि छेदात गरम पाणी आहे की नाही. तिन्ही मिळाल्या तर आकडा वापरा. एखादी मिळाली नाही तर तुमच्या साहित्य-समीक्षेत त्या आकड्यापुढे काय गाळलं आहे ते लिहा. आणि स्वतःच्या प्रकल्पाचं बजेट मांडाल तेव्हा दुसऱ्या उष्णता मीटरचे पैसे पहिल्याच ओळीत धरा; तीच ओळ पुढे सगळ्यात आधी कापली जाते.