हिरडस मावळातला करार आणि त्यात न धरलेली माणसे

राज्यसत्तेची आज्ञा आपण का पाळायची, या प्रश्नाला सामाजिक कराराचे तत्त्वज्ञ देतात ते उत्तर एक वाटते, पण त्यात दोन उत्तरे गुंतलेली असतात. पहिले असे की सत्ता नसेल तर माणसे एकमेकांच्या जिवावर उठतील. म्हणून सत्ता हवी. दुसरे असे की ही सत्ता आपण आपल्या संमतीने उभी केली आहे. म्हणून ती आपल्यावर बंधनकारक आहे. पहिले उत्तर गरजेचे आहे, दुसरे शब्द दिल्याचे. हॉब्जने 1651 मध्ये ‘लेव्हायथन’ लिहिताना दोन्ही जोडली, लॉकने ती सैल केली, रूसोने उलटीपालटी केली; आणि गेल्या पन्नास-साठ वर्षांतले बहुतेक टीकाकार ती पुन्हा सुटी करण्याच्या उद्योगात आहेत. मला वाटते, त्यांचे बरोबरच आहे. गरज सिद्ध झाली म्हणून संमती सिद्ध होत नाही, आणि संमती खरी असली तरी ती कोणाची होती हे वेगळे विचारावेच लागते. हे पुस्तकी उदाहरणांवर तपासण्याऐवजी नीरेच्या खोऱ्यात तपासून पाहू. वरंध घाटाच्या वाटेवरचे हिर्डोशी, भोवतालचा हिरडस मावळ आणि शेजारचे रोहिड खोरे इथे सतराव्या शतकात सत्ता कशी उभी राहिली, याचे कागद शिल्लक आहेत. निसर्गावस्थेच्या कल्पनाचित्रांना असे कागद नसतात.

आधी निसर्गावस्था. हॉब्जचा तर्क साधा आहे: माणसे बळाने साधारण सारखी, हवी ती वस्तू एकच, आणि समोरचा कधी वार करील याचा भरवसा नाही, मग शहाणा माणूस आधीच वार करतो. मावळातल्या देशमुखांचे वर्णन वाचले की हे सारे डोळ्यांसमोर दिसते. रोहिड खोऱ्याचे जेधे आणि हिरडस मावळचे बांदल यांची भांडणे, वतनावरून झालेले खून, वाड्यांना बुरूज घालून बसलेले वतनदार. 1697 मध्ये लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत हे चित्र येते: वतनदार रयतेकडून मनमानी वसूल करीत, सरकारात थोडके भरीत आणि हुडे-वाडे बांधून बळावत, शिवाजीराजांनी त्यांचे हक्क ठरवून दिले आणि बुरुजांचे वाडे बांधू दिले नाहीत. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांना राज्याचे दायादच म्हटले आहे. परचक्र आले की वतनाच्या लोभाने ते शत्रूला जाऊन मिळतात, ही त्यांची तक्रार. अमात्यांनी हॉब्ज वाचलेला नव्हता, पण दोघांचे दुखणे एकच.

तरीही इथे एक गोष्ट नजरेतून निसटते. हे तंटे सत्ता नसल्यामुळे होत नव्हते. देशमुखी म्हणजे दरबाराने मान्य केलेला हक्क. एका वतनाला दोन दावेदार उभे राहत ते दोघांकडे दोन फर्माने असत म्हणून. एकाचे निजामशाहीचे, दुसऱ्याचे आदिलशाहीचे. थोडक्यात, मावळात सत्ता एक नव्हती, तीन-चार होत्या, आणि प्रत्येकीच्या शिक्क्याची शाई ओली होती. रूसोने 1755 च्या निबंधात हॉब्जवर घेतलेला आक्षेप नेमका हाच: तुम्ही ज्याला निसर्गातला माणूस म्हणता तो मालमत्ता, मान आणि मत्सर शिकलेला समाजातलाच माणूस आहे. अलीकडे कार्ल विडरक्विस्ट आणि ग्रँट मॅकॉल यांनी 2017 च्या पुस्तकात मानवशास्त्राचा पुरावा मांडून तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगितली: राज्य नसलेल्या समाजात जगणे राज्यातल्यापेक्षा नक्कीच वाईट असते, हे तत्त्वज्ञांनी कधी सिद्ध केलेच नाही, गृहीत धरले.

यावर हॉब्जच्या बाजूने कोणी म्हणेल की सत्ता तीन काय आणि शून्य काय, अंतिम निवाडा करणारा कोणी नसेल तर परिणाम एकच. या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते गोतसभेच्या कामातून दिसते. वतनाचा तंटा उभा राहिला की देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार असे गोत जमत. साक्षी होत, प्रसंगी दिव्य होई, मग महजर लिहिला जाई. लिहिता न येणारा पाटील खाली नांगराची निशाणी करी. राजाच्या शिपायाशिवाय न्याय होतच नाही, हे या महजरांपुढे म्हणता येत नाही. पण हरलेला पक्ष गप्प बसत नसे. तो दुसऱ्या दरबारात जाई, किंवा राज्य बदलण्याची वाट पाही, आणि तोच तंटा पुढच्या पिढीत पुन्हा निघे. लॉकने निसर्गावस्थेतल्या तीन उणिवा सांगितल्या आहेत: ठरलेला कायदा, निःपक्ष न्यायाधीश आणि निवाडा अमलात आणणारे बळ. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी गोतसभेकडे बऱ्याच अंशी होत्या, तिसरी नव्हती. म्हणून मावळाचा पुरावा हॉब्जपेक्षा लॉकला जवळचा आहे. सत्ता लागते, पण भीषण अराजक टाळण्यासाठी नव्हे. निवाड्याला शेवट हवा म्हणून. या गरजेतून मर्यादित सत्ता निघते, हॉब्जला हवी तशी निरंकुश सत्ता निघत नाही.

आता संमती. डेव्हिड ह्यूमने 1748 मध्ये मूळ करारावर केलेला हल्ला अजून कोणी पुरता परतवलेला नाही. जवळजवळ सगळी राज्ये बळाने नाहीतर कपटाने उभी राहिली, असे तो दाखवतो. आणि देशात राहता म्हणजे मूक संमती दिलीच, या लॉकच्या युक्तिवादावर तो विचारतो की झोपेत जहाजावर आणून टाकलेल्या माणसाने समुद्रात उडी मारली नाही म्हणून त्याने कप्तानाचा हुकूम मान्य केला असे म्हणायचे का? इथे मात्र मावळ ह्यूमला थोडा अडवतो, कारण इथे तारीखवार संमती सापडते. 16 जून 1659 चे आदिलशाही फर्मान कान्होजी जेध्यांच्या नावाने आहे: अफझलखानाला सामील व्हा. जेध्यांच्या कागदांप्रमाणे कान्होजी पाच मुलांना घेऊन शिवाजीराजांकडे गेले, फर्मान पुढे ठेवले, आणि वतन जाईल अशी शंका निघताच हातावर पाणी घेऊन वतनावर सोडले. जेधे करीना घराण्याची बाजू मांडणारा कागद आहे, त्यामुळे त्यातला प्रत्येक तपशील जसाच्या तसा धरायचे कारण नाही. पण फर्मान स्वतंत्र आहे आणि कान्होजी कोणत्या बाजूने लढले याबद्दल वाद नाही. शब्द उघड आहे, पर्याय समोर आहे, किंमत ठाऊक आहे. तत्त्वज्ञांना हवी असलेली संमती यापेक्षा स्वच्छ कुठे मिळणार?

आणि तरीही ती पुरत नाही, कारण त्याच खोऱ्यात उत्रोळीचे खंडोजी खोपडे होते. त्यांच्याही पुढे तोच प्रश्न आला आणि ते खानाकडे गेले. आदिलशाहीच्या नजरेने पाहिले तर जुना करार पाळणारे खोपडे आणि मोडणारे जेधे. खानाच्या वधानंतर खोपड्यांना एक हात आणि एक पाय तोडण्याची शिक्षा झाली. जीव वाचला तो कान्होजींनी रदबदली केली म्हणून, असे सांगतात. म्हणजे जेध्यांची संमती जेध्यांनाच बांधते. खोपड्यांवरची सत्ता संमतीतून आली नाही, जिंकण्यातून आली. रॉबर्ट नोझिकने 1974 मध्ये याच गाठीशी झुंज घेतली: संरक्षण देणारी एक संघटना प्रबळ झाली की तिच्यात सामील न होणाऱ्यांवर ती कोणत्या हक्काने हुकूम चालवते? त्याचे उत्तर असे की बंदी घालायची तर भरपाई म्हणून त्यांनाही संरक्षण द्यावे. खोपड्यांचे उदाहरण समोर ठेवले की हे उत्तर फारच गुळगुळीत वाटते. ए. जॉन सिमन्सने 1979 मध्ये काढलेला निष्कर्ष मला अधिक प्रामाणिक वाटतो: संमती हा बंधनाचा खरा पाया आहे, पण ती फार थोड्यांनी दिलेली असते, म्हणून बहुतेकांवर राज्याची आज्ञा पाळण्याचे तसले बंधनच नसते.

ही अडचण टाळण्यासाठी प्रत्यक्ष संमती सोडून काल्पनिक संमतीकडे जाण्याचा मार्ग कांटने दाखवला आणि जॉन रॉल्सने 1971 मध्ये तो राजमार्ग केला. आपण कोणत्या घरात जन्मणार हे ठाऊक नसताना कोणते नियम पत्करू, ते न्याय्य. रॉनल्ड ड्वॉर्किनने यावर घेतलेला आक्षेप प्रसिद्ध आहे: जो करार झालाच नाही तो दुबळा करार नव्हे, तो करारच नव्हे. रॉल्सच्या पद्धतीने नियम न्याय्य आहेत की नाहीत हे कळते. पण मग बंधन न्यायातून आले, करार केवळ नावापुरता राहिला. शिवाय नियम न्याय्य असले तरी ते याच राज्याने माझ्यावर का चालवावेत, हे उरतेच.

या सगळ्यांपेक्षा खोल जाणारी टीका वेगळ्या बाजूने आली. कॅरोल पेटमन (1988) आणि चार्ल्स मिल्स (1997) यांनी विचारले की करार करणारे ‘आपण’ कोण. पेटमन दाखवतात की मुक्त पुरुषांच्या कराराआधी स्त्रियांवरच्या हक्काचा करार गृहीत धरलेला असतो. मिल्स तेच वंशाबद्दल दाखवतात. आपल्याकडे हा मुद्दा पेटमनच्या साठ वर्षे आधी, आणि कायद्याच्या मसुद्याच्या भाषेत, मांडला गेला होता. वतन फक्त देशमुखाचे नव्हते. महारांचेही वतन होते: थोडी जमीन, बलुते, आणि बदल्यात सरकारची आणि गावाची चाकरी. कागदावर हाही देवघेवीचा करारच. 1874 च्या मुंबई वतन कायद्याने तो ब्रिटिश अमलातही टिकवला. 1928 मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात त्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. महाराला चाकरीतून मोकळे होऊन आपली जमीन इतर रयतेसारखी सारा भरून धारण करता यावी, हा त्याचा गाभा. चाकरीला वेळ ठरलेली नाही, काम ठरलेले नाही, मोबदला तुटपुंजा, आणि एकाला बोलावणे आले की घरातला दुसराही जुंपला जातो, ही त्यांची तक्रार. विधेयकाचे रूप समितीत इतके बदलले की ते मागे घेतले गेले.

आता दोन वतने शेजारी ठेवा. कान्होजी जेधे आपल्या वतनावर पाणी सोडू शकत होते. म्हणूनच त्यांच्या ‘हो’ला किंमत आली. महाराला तसे पाणी सोडण्याची सोय नव्हती, ती मिळावी म्हणून विधेयक आणावे लागले. संमतीच्या सिद्धान्तातून माझ्या मते एवढेच टिकते: जिथे नकार देता येत नाही तिथे होकार पुरावा म्हणून धरू नये. ही कसोटी सत्तेला अधिकार देत नाही, तिचे खोटे दावे मात्र पकडते. कोणी म्हणेल, राज्य तर कोणालाच नकार देऊ देत नाही, मग सगळीच राज्ये नापास. होय, संमतीच्या परीक्षेत नापासच. त्यांना न्यायाच्या आणि उपयुक्ततेच्या परीक्षेत उत्तीर्ण व्हावे लागेल, आणि तिथे ‘तुम्हीच तर मान्य केले होते’ हे वाक्य वापरता येणार नाही. हे वाक्य राज्यकर्त्यांना किती सोयीचे असते हे कौटिल्याला ठाऊक होते. मत्स्यन्यायाला कंटाळून लोकांनी मनूला राजा केले आणि धान्याचा सहावा भाग देऊ केला, ही गोष्ट अर्थशास्त्रात येते ती तत्त्वचर्चेत नव्हे; प्रजेत वाद घडवून आणणाऱ्या गुप्तहेरांच्या तोंडी ती घातली आहे.

महार वतनाचा शेवटही पाहा: कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा मुंबईचा कायदा 1958 चा, म्हणजे आंबेडकरांच्या निधनानंतरचा. त्यानेही महार वतनदाराची जमीन त्याला परत दिली ती कब्जेहक्काची रक्कम भरून घेऊन, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकता येणार नाही या अटीवर.